एकशे ऐंशी किलोची शांतता

लेकरू रडत असलं की आईनं घाबरू नये. लेकरू गप्प झालं की मात्र हातातलं लाटणं जिथल्या तिथं टाकून धावावं. प्राजक्तानं कॉलेजात कॉम्प्युटरचं बरंच काही शिकून घेतलं होतं, पण हे ज्ञान तिला तिच्या सव्वा वर्षाच्या चिमीनं दिलं. चिमी एकदा अशीच गप्प झाली, तर रांगोळीचा डबा घेऊन जेवायला बसलेली सापडली. पुन्हा एकदा गप्प झाली, तर आजीची कवळी आणि चिमी दोघी पाण्याच्या बादलीत.

हेच ज्ञान प्राजक्तानं नोकरीत वापरलं, आणि तिथून हे सगळं रामायण सुरू झालं.

नोकरी अमरावतीत, घर अकोल्याला जठारपेठेत. रोज सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं ऑफिस, संध्याकाळी तसंच परत. वऱ्हाडात याला अप-डाऊन म्हणतात आणि अप-डाऊन करणाऱ्या बाईला 'धन्य हो माय' म्हणतात. कंपनी कापसाची. बाळापूरला एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, अचलपूरला दुसरं. दोन्हीकडं फाटकाजवळ वजनकाटा. काट्यावर गाडी चढली, वजन झालं की तिथल्या कॉम्प्युटरमधून ती नोंद नेटवरून अमरावतीच्या सर्व्हरवर यायची: गाडीचा नंबर, कापूस कोणाचा, वजन, वेळ. एका वजनाची एक ओळ. अशा ओळींचा लांबच लांब तक्ता प्राजक्ताच्या ताब्यात होता. तो पाहून मॅनेजर उत्तमराव ठरवायचे की गावागावांत घेतलेल्या कापसाचे ट्रक बाळापूरला पाठवायचे की अचलपूरला. जिथं आवक कमी, तिथं जागा असणार.

मागच्या हंगामात बाळापूरचा कॉम्प्युटर भर दुपारी बंद पडला होता आणि अमरावतीत कुणाला पत्ताच नव्हता. पडद्यावर सकाळचा आकडा तसाच शहाण्यासारखा उभा. चूक नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. बंद पडलेली सिस्टिम कधी बोंब मारत नाही. ती नुसती गप्प होते.

म्हणून प्राजक्तानं एक राखणदार लिहिला. कामाच्या वेळात तो दर दहा मिनिटांनी तक्त्यातली शेवटची ओळ कधीची ते पाहायचा. पाऊण तासात नवी ओळ आली नसली, की प्राजक्ताच्या मोबाइलवर अलार्म.

कल्पना चांगली होती. साल मात्र वाईट होतं. पाऊस मध्येच दडी मारून बसलेला, बोंडं अर्धी वाळलेली, कापूसच कमी. एकामागून एक गाड्या लागायच्या तिथं आता काटा तासतासभर उन्हात तापत पडायचा. अलार्म वाजायचा. प्राजक्ता बाळापूरच्या काट्यावरल्या मोईजला फोन लावायची.

"मोईजभाऊ, सिस्टिम बंद पडली का?"

"नाई ताई, सिस्टिम मस्त चालू हाय. कापूसच बंद पडला."

शुक्रवारी अलार्म वाजला, कारण मोईज नमाजला गेला होता. प्राजक्तानं शुक्रवारची दुपार वगळली. मग एकदा दिवसभर अलार्म थांबेच ना. कारण काय, तर अमावस्या. अमावस्येला बाजार बंद, गाडी जुंपायची नाही, हे वऱ्हाडातल्या बैलालासुद्धा ठाऊक. पण प्राजक्ताच्या प्रोग्रॅमला नव्हतं. तिनं भिंतीवरचं पंचांग काढून वर्षभराच्या अमावस्या त्यात भरल्या. कॉम्प्युटरच्या कुठल्याही पुस्तकात हा धडा नाही.

"काय वो मॅडम," उत्तमराव म्हणाले, "तुमच्या मशिनीले आता संकष्टी पण धरायला लावता का?"

प्राजक्ता हसली, आणि तेवढ्यात तिनं मनातली गोष्ट काढली. "साहेब, हा राखणदार नीट चालला तर इथं बसून पडद्याकडं पाहत राहायची गरजच नाही. मी अकोल्याहून घरूनच काम करीन. लॅपटॉप आहे, नेट आहे. पोरगी लहान आहे हो."

उत्तमरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "बराबर हाय. पण अट हाय माही. महिनाभर तुमचा अलार्म एकदाही खोटा वाजाले नाही पाहिजे. आन खरी सिस्टिम बंद पडली तर चुकाले नाही पाहिजे. मंग खुशाल जा घरी."

ही अट प्राजक्तानं गाडीत मैत्रिणींना सांगितली, घरी सांगितली, आणि बोलता बोलता मोईजलाही सांगितली. मोईजला स्वतःची लहान बहीण होती अलीझा, तिचं बाळही चिमीएवढंच. त्यानं अलार्म किती वेळानं वाजतो ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "टेन्शन नका घेऊ ताई. अल्ला सब ठीक करेगा."

आणि काय सांगावं, झालंच ठीक! त्या दिवसापासून अलार्म वाजायचा बंद. पाऊण तास कधी कोरडा जाईना. उत्तमराव येता-जाता "वा!" म्हणू लागले. प्राजक्तानं घरातल्या खिडकीजवळच्या टेबलाची जागा मोजून ठेवली.

पण स्वभावाला औषध नसतं. ऑफिसातली काळजी मिटली तशी तिची घरची काळजी वाढली. ती दिवसातून चार-पाचदा सासूबाईंना, माणिकबाईंना फोन लावायची. चिमी काय करते, काय खाल्लं, कुठं आहे. माणिकबाई फोन उचलायच्या आणि 'हॅलो' म्हणायच्याही आधी सांगून मोकळ्या व्हायच्या, "जेवली, झोपली, सारं बराबर हाय."

महिना सरत आला. परवा शनिवार, म्हणजे अट पूर्ण. त्या गुरुवारी प्राजक्तानं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि घरी फोन लावला.

"जेवली, झोपली, सारं बराबर हाय," माणिकबाई म्हणाल्या.

आणि त्याच क्षणी फोनच्या पलीकडून शेजारच्या पार्वताबाईंचा खणखणीत आवाज आला. "ओ माणिकबाई! या ना इकडं! तुमची नात आमच्या टाक्यात चपला टाकून राहिली! चौथी चप्पल गेली माय!"

प्राजक्ताच्या हातातला घास हातातच राहिला. "आई! झोपली म्हणालात ना?"

"आता झोपनारच होती."

"तुम्ही न पाहताच सांगता का हो मला रोज?"

"मंग काय तर!" माणिकबाई उलट तिच्यावरच चढल्या. "तू घंट्याघंट्याले फोन करतं. दर येळेस नवीन काय सांगू तुले? पोरगी टाक्याजवळ हाय म्हटलं तर तू तिथं बसून रडशीन. तुले हेच ऐकाले पाहिजे ना? मंग मी हेच सांगतो. तू खूश, मी मोकळी. ठेव फोन, चपला काढतो."

प्राजक्तानं फोन ठेवला. टाकं उथळ होतं, त्याला कठडा होता, पार्वताबाई तिथं होत्या, हे सगळं मनाशी तीनदा म्हणून झालं. पण डोक्यात एक वाक्य गुंग्या माशीसारखं फिरत राहिलं. तुले हेच ऐकाले पाहिजे ना.

दर वेळेस तेच उत्तर. दर वेळेस वेळेवर.

तिनं डबा झाकला आणि पडद्याकडं वळली. महिनाभर तिनं राखणदाराकडं पाहिलं होतं; तो 'सगळं ठीक' म्हणत होता, कारण शेवटची ओळ नेहमीच ताजी होती. त्या ओळीत लिहिलंय काय, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

तिनं तक्ता उघडला.

बाळापूर, एकशे ऐंशी किलो. अर्ध्या तासानं बाळापूर, एकशे ऐंशी किलो. मग एक खरी कापसाची मेटॅडोर, आणि मग पुन्हा एकशे ऐंशी किलो. गाडीचा नंबर प्रत्येक वेळी तोच. कापूस कोणाचा या रकान्यात एका जागी 'मोईज', एका जागी 'मोईज स्वतः', आणि एका जागी कंटाळून नुसतं 'मीच'.

तिनं फोन लावला. "मोईजभाऊ, हा एकशे ऐंशी किलो कापूस कोणाचा?"

"कापूस कुठला ताई? थो मी हाय."

"म्हणजे?"

"मी आन माही स्कूटर. स्कूटर एकशे दहा, मी सत्तर. अब्बाच्या घड्याळीचा गजर लावून ठेवला अर्ध्या घंट्याचा. गजर झाला की काट्यावर चढतो, वजन करतो, उतरतो. तुमचा अलार्म वाजाले नाही पाहिजे ना! ऊन असो का काही असो, एक फेरी चुकवली नाई म्या." आवाजात असा अभिमान, की जणू त्यानं महिनाभर रोजे धरले होते. "शुक्रवारी नमाजले गेलो त अब्दुल रहीम चाचाले बसवून जातो, ते दुसऱ्या मशिदीत आधीच पढून येतात. ते जरासे जाड हायेत, म्हून तवा दोनशे येते."

खरंच, शुक्रवारच्या ओळींत दोनशे होतं.

प्राजक्ताला हसावं की रडावं कळेना. "अहो, पण शुक्रवारची दुपार तर मी वगळली होती!"

"असं का?" मोईज दुखावला. "चाचा तर उपाशी बसून राहिले होते."

ती हसली. आणि हसता हसताच थांबून तिनं तक्ता पुन्हा वर सरकवला. कारण तक्ता एक, पण काटे दोन. राखणदार लिहिला तेव्हा त्यात एकटं बाळापूर होतं. अचलपूर दिवाळीनंतर त्याच तक्त्यात जोडलं, आणि राखणदार पाहायचा तो सगळ्या तक्त्यातली शेवटची ओळ. ती कुठूनही येवो. मोईज अर्ध्या-अर्ध्या तासाला स्कूटरवर बसून एकटा दोन्ही काट्यांना जिवंत ठेवत होता.

तिनं मोईजची स्कूटर बाजूला काढली आणि प्रत्येक काट्याची शेवटची ओळ वेगवेगळी मागितली. बाळापूर, आत्ताची. अचलपूर, काल सकाळची.

काल सकाळनंतर अचलपूरहून एकही ओळ आली नव्हती.

"मोईजभाऊ, ठेवते." तिनं अचलपूरच्या काट्यावर फोन लावला. तिथले पुंजाजी निवृत्तीला टेकलेले, निवांत गृहस्थ.

"पुंजाजी, कापूस येऊन राहिला का?"

"कापूस?" पुंजाजी म्हणाले. "अवं बाई, पाय ठेवाले जागा नाही. हे साल वाईट म्हनतात, पन कालपासून कोन जाने साऱ्या जगानं इकडंच गाड्या आनल्या. रस्त्यावर रांग हाय."

"मग नोंदी पाठवत नाही तुमचा कॉम्प्युटर! नेटचं डोंगल आहे ना मागं लावलेलं?"

जरा वेळ खुडखुड ऐकू आली. "हाय ना. म्हंजे होतं. त्या जागी काल मोबाइल चार्जिंगले लावला म्या. तुमचा फोन आला तर बॅटरी पाहिजे ना बाई!"

नोंदी तिथल्या कॉम्प्युटरमध्ये सुखरूप साठून होत्या. डोंगल लावलं की भराभर येणार होत्या. तेवढ्यानं प्राजक्ताचा जीव भांड्यात पडला असता. पण भिंतीपलीकडून उत्तमरावांचा आवाज आला. ते फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "सारे ट्रक अचलपूरले लावा. रिकामं हाय अचलपूर, कालपासून चिटपाखरू नाही तिथं!"

इकडं मोबाइलवर मोईजचा मेसेज आला होता. बहुधा तिच्या आवाजावरून त्यानं ओळखलं. 'ताई काही गडबड हाय का. कोनाले सांगू नका. अलार्म त वाजलाच नाई. परवा शनिवार.'

खरंच होतं ते. अलार्म वाजलाच नव्हता. पुंजाजींनी डोंगल लावलं की ओळी येतील, आकडा हळूहळू वर चढेल, ट्रक पोचल्यावर थोडी बोंबाबोंब होईल आणि दोष अचलपूरच्या नशिबाला जाईल. शनिवारी उत्तमराव "वा!" म्हणतील. सोमवारी ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसेल आणि चिमी पायाशी. नाही सांगितलं तर एवढंच होतं. सांगितलं तर पुन्हा सकाळची गाडी, पुन्हा 'जेवली, झोपली, सारं बराबर हाय'.

उत्तमरावांच्या खोलीच्या दारापर्यंत जाताना ती दोनदा थांबली. मग तिला वाटलं, अशा शांततेवर विसंबून मी घरी बसले, तर एक दिवस खरंच काहीतरी बुडेल आणि माझा राखणदार सांगत राहील, जेवली, झोपली.

"साहेब, ट्रक थांबवा," ती आत शिरत म्हणाली. "अचलपूर रिकामं नाही. भरून वाहतंय. माझा अलार्म चुकला. महिनाभर चुकत होता."

उत्तमरावांनी आधी फोन केले. बरेच ट्रक वाटेतल्या आसेगावच्या अलीकडंच सापडले, ते वळवले. दोन पुढं निघून गेले होते; त्यांचे ड्रायव्हर रात्रभर अचलपूरलगतच्या परतवाड्याच्या रस्त्यावर झोपले आणि सकाळी दोघांनी मिळून कंपनीला जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग उत्तमरावांनी स्कूटरची गोष्ट ऐकली. सगळी ऐकली. चाचांच्या दोनशे किलोंपर्यंत आले आणि त्यांचा चहा नाकातून आला.

"पन मॅडम," डोळे पुसत ते म्हणाले, "अट मोडली."

"हो साहेब. मोडली."

"आता?"

आता काय करायचं ते प्राजक्ताला कळलं होतं. ओळ येत नाही याची कारणं दोन. कापूसच नाही, किंवा सिस्टिम बंद. गाड्यांच्या ओळींकडं पाहून हे वेगळं काढताच येत नाही, कितीही अमावस्या भरा. म्हणून तिनं दोन्ही काट्यांच्या कॉम्प्युटरांना एक छोटी सवय लावली: गाडी येवो न येवो, दर दहा मिनिटांनी स्वतःहून 'मी जागा आहे' एवढी खूण वेगळ्या तक्त्यात पाठवायची. त्याच वाटेनं, त्याच डोंगलमधून. खूण येतेय आणि गाड्या नाहीत, म्हणजे कापूस नाही, बसा निवांत. खूणच थांबली, म्हणजे धावा. आणि पाहायचं प्रत्येक काट्याचं वेगळं. मोईजला तिनं सांगितलं, स्कूटरवरून उतरा. तो म्हणाला, "सवय झाली होती ताई. हवा लागत होती."

उत्तमरावांनी एक भर स्वतःची घातली. "तुमी दहा मिनिटांत अलार्म पाहिला नाही, त मले येऊ द्या. मोठ्या मानसाले माहीत असलं पाहिजे."

प्राजक्तानं तसं लिहून दिलं. आणि पुन्हा सकाळची गाडी धरू लागली.

आता अचलपूरला सकाळी भारनियमन. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, कॉम्प्युटर बंद की खूण बंद, खूण बंद की अलार्म. अगदी खरा अलार्म, कुणी नाव ठेवू शकणार नाही असा. पण त्या वेळी प्राजक्ता मूर्तिजापूरच्या पुढं, गाडीत, आणि तिथं रेंज म्हणजे उंबराचं फूल. दहा मिनिटं सरायची आणि अलार्म जायचा मोठ्या माणसाकडं.

पहिल्या दिवशी उत्तमराव दाढी करत होते. गाल कापला. दुसऱ्या दिवशी देवपूजेत होते. घंटी वाजवायच्या ऐवजी त्यांनी मोबाइल आपटला असं त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी तर्री-पोह्याचा पहिला घास तोंडाशी होता. त्यांनी स्वतः पुंजाजींना फोन लावला, "लाइट कवा येते?" पुंजाजी म्हणाले, "ते वरच्याले विचारा साहेब," आणि उत्तमरावांना तेव्हा आठवलं की वरचे तेच आहेत.

त्या दिवशी प्राजक्ता ऑफिसात पोचली तेव्हा ते दारातच उभे होते. गालाला चिकटपट्टी.

"मॅडम, जठारपेठेत रेंज येते का?"

"येते की. फुल."

"सकाळच्या येळेस?"

"सकाळी तर जास्तच."

"मंग सोमवारपासून तिथंच बसा. आठवड्यातून एकदा तोंड दाखवाले या. आन अचलपूरच्या कॉम्प्युटरले बॅटरीचा डब्बा मागवून घ्या, मी सही करतो."

"पण साहेब, अट मोडली होती ना?"

"अट माही होती, मी मोडतो!" उत्तमराव ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त माहा नंबर काढा त्यातून."

प्राजक्तानं नंबर काढला नाही. तिनं दहा मिनिटांची वीस मिनिटं केली. विश्वास ठेवावा, पण राखण सोडू नये.

सोमवारी ती खिडकीजवळ बसली. समोर दोन काट्यांच्या खुणा शहाण्यासारख्या येत होत्या. आणि चिमीसाठीही तिनं तोच उपाय केला होता, घुंगरांचे पैंजण. पोरगी हलली की छुम, चालली की छुमछुम. फोन नको, विचारणं नको, उठणंही नको. आतल्या खोलीतून मंद आवाज येत होता. छुम. छुम. छुम. किती छान खेळतेय, एका लयीत, एकसारखी.

एकसारखी.

प्राजक्ताची बोटं थांबली. ती पाय न वाजवता उठली आणि दारातून आत डोकावली.

माणिकबाई पलंगावर पाय पसरून, चष्मा लावून पेपर वाचत होत्या. उजव्या हातात पेपर. डाव्या हातात पैंजण, आणि तो हात चरख्याच्या लयीत हलत होता. छुम. छुम.

"आई!"

माणिकबाई दचकल्या, पण हात थांबला नाही. "काऊन वरडतं? तुह्या कामात खंड पडू नये म्हून त बसली मी इथं!"

"आणि चिमी?"

माणिकबाईंनी पेपर खाली केला आणि इकडं तिकडं पाहिलं. स्वयंपाकघर गप्प होतं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघीही एकदमच धावल्या.

गव्हाच्या पिठाच्या मोठ्या डब्यात चिमी मांडी घालून बसली होती. भुवयांपर्यंत पांढरी, डोळे तेवढे काळेभोर. आईला पाहून तिनं दोन्ही मुठी वर केल्या आणि फुंकर मारली.